लावणीच्या तारखेआधी पंचवीस दिवस

२० जूनला टोमॅटोची लावण करायची असेल, तर बी २६ मेला ट्रेत पडलेलं असायला हवं. आठवडाभर आधी पडलं तर लावणीच्या दिवशी रोप ट्रेतच म्हातारं झालेलं असतं. आठवडाभर उशिरा पडलं तर रान तयार, ड्रिपच्या नळ्या पसरलेल्या, मल्चिंग पेपर अंथरलेला, मजूर सांगून ठेवलेले आणि रोप मात्र जेमतेम बोटभर. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव असो की नाशिककडचं पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, गिरणारे. टोमॅटोच्या या पट्ट्यांमध्ये रस्त्याकडेला हिरव्या-पांढऱ्या जाळ्यांच्या ज्या रोपवाटिका दिसतात, त्यांचा सगळा धंदा या पंचवीस दिवसांच्या हिशेबावर उभा असतो. खत किंवा औषध नाही विकलं गेलं तर पुढच्या महिन्यापर्यंत कपाटात राहतं. रोपाला ती सवलत नाही. म्हणून रोपवाटिकेची जाळी, बियाणं आणि ऑर्डरची वही या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं काम एकच आहे: ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वयाचं, निरोगी रोप हातात देणं.

पूर्वी शेतकरी आपल्याच रानात गादीवाफ्यावर बी टाकायचा. रोपं उपटून लावताना मुळं तुटायची, चार-सहा दिवस रोप माना टाकायचं, काही मरायची आणि मग नांग्या भरायच्या. बी स्वस्त होतं तोवर हे चालून गेलं. संकरित वाण आले आणि हिशेब बदलला. संकरित टोमॅटोचं बी तयार करताना मादी वाणाच्या प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि मग नर वाणाचा पराग त्यावर हाताने लावावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा परिसरातल्या शेडनेटमध्ये किंवा कर्नाटकातल्या राणेबेन्नूरकडे हे काम चालतं. इतक्या मेहनतीचं बी साहजिकच मोजून विकलं जातं. पाकिटावर वजनासोबत बियांची संख्याही छापलेली असते. मोजून घेतलेलं बी मूठमूठ पसरून टाकणं परवडत नाही. ट्रेमध्ये प्रत्येक बीला स्वतःचा कप्पा मिळतो, मुळं त्या कप्प्यातल्या कोकोपीटला धरून वाढतात आणि लावताना अख्खा गड्डा बाहेर येतो. रोपाला आपली जागा बदलल्याचा फारसा धक्का बसत नाही.

टोमॅटोसाठी बहुतेक ठिकाणी ९८ किंवा १०४ कप्प्यांचा ट्रे वापरतात. काकडी, कारलं, कलिंगड यांची पानं मोठी, म्हणून त्यांना मोठे कप्पे लागतात आणि ती रोपं बारा-पंधरा दिवसांतच निघतात. मिरचीला पस्तीस-चाळीस दिवस लागतात, कोबी-फ्लॉवरला बावीस-पंचवीस. या लेखात टोमॅटोचंच उदाहरण धरतो, कारण रोपवाटिकेतल्या बहुतेक अडचणी त्यात दिसतात.

आधी जागा. दहा गुंठ्यांची, म्हणजे १००० चौरस मीटरची जाळी धरली, तर चालायच्या वाटा सोडून साधारण साडेचार हजार ट्रे मांडता येतात. एका वेळी चार लाखांवर रोपं. राज्य सरकारच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतही दहा गुंठ्यांचंच शेडनेट धरलेलं आहे आणि खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान आहे. पण जाळी उभारताना एक गोष्ट हमखास गल्लत करायला लावते. हिरवी शेडनेट ऊन कमी करते. पांढरी माशी अडवत नाही. तिची वीण पांढऱ्या माशीला सहज आत येऊ देते. माशी अडवायला बारीक विणीची, चाळीस ते पन्नास मेशची कीटकरोधक जाळी लागते. म्हणून वर शेडनेट आणि चारी बाजूंनी कीटकरोधक जाळी अशी रचना करावी लागते. दाराला दुहेरी दार हवं: पहिलं बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. बारीक जाळीचा तोटा म्हणजे वारा अडतो आणि मे महिन्यात आत भट्टी पेटल्यासारखी उष्णता साठते. त्यावर उपाय छत उंच ठेवण्याचा आहे. उंचीत केलेली काटकसर पहिल्याच उन्हाळ्यात अंगावर येते. खाली काळं वीडमॅट अंथरून त्यावर विटांच्या किंवा पाइपच्या आधाराने ट्रे जमिनीपासून उचललेले असावेत. ट्रे जमिनीला टेकले तर मुळं खालच्या भोकातून मातीत उतरतात आणि रोप उचलताना तुटतात. हवेत लोंबलेलं मुळाचं टोक मात्र आपोआप वाळतं आणि कप्प्याच्या आत नवी बारीक मुळं फुटतात. हीच बारीक मुळं लावणीनंतर रोपाला धरून ठेवतात.

कोकोपीट ही नारळाच्या काथ्यातून निघणारी भुकटी. विटेच्या आकारात दाबलेली येते, पाणी टाकलं की फुगते. पाच किलोच्या विटेत ९८ कप्प्यांचे तीसेक ट्रे भरतात. दिसायला सगळ्या विटा सारख्या. फरक पडतो तो क्षाराचा. नारळाच्या सालात पोटॅश आणि सोडियम असतं, शिवाय साल खाऱ्या पाण्यात भिजवलेली असेल तर मीठ आणखी वाढतं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उगवतं, पण असमान उगवतं. पहिल्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात आणि रोप तिथेच थांबतं. अशा वेळी रोपवाटिकाचालक बियाण्याला दोष देतात. म्हणून प्रत्येक नव्या लॉटमधलं थोडं कोकोपीट भिजवून, पिळलेल्या पाण्याची ईसी मीटरवर बघावी. मीटर फार महाग नाही. ईसी एकच्या वर असेल तर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा धुवावं. कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. बोअरचं पाणी जड असेल तर धुण्यानेही ईसी खाली येत नाही. अशा ठिकाणी पावसाचं किंवा विहिरीचं पाणी वेगळं साठवावं लागतं.

बी टाकल्यानंतरचे पहिले चार दिवस सगळ्यात नाजूक. प्रत्येक कप्प्यात बोटाने किंवा साच्याने अर्धा सेंटीमीटरचा खळगा, त्यात एक बी, वर कोकोपीट आणि हलकं पाणी. मग ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतात. आतली ओल आणि ऊब टिकते आणि सगळी बियाणी एकाच वेळी फुटतात. मे महिन्यात हे ढीग उन्हात ठेवायचे नसतात. ३५ अंशांच्या वर टोमॅटोची उगवण झपाट्याने घटते. थंड खोलीत किंवा झाडाच्या गर्द सावलीत ठेवतात. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघायचं. कोकोपीटच्या वर शंभरातली पाच-सात टोकं दिसू लागली की त्याच तासाला ट्रे मोकळे करून जाळीत मांडायचे. इथे एका रात्रीची ढिलाई झाली तर अंधारात रोप उजेड शोधत पांढरं, लांब, दोऱ्यासारखं होतं. असं रोप पुढे कितीही सांभाळलं तरी खोड बारीकच राहतं आणि वाऱ्यात आडवं होतं. रोपवाटिकेत माणूस रात्री मुक्कामाला का हवा, हे इथे कळतं.

आता बियाण्याकडे. दोन पद्धती चालतात. एक, शेतकरी स्वतः पाकीट आणून देतो आणि रोपवाटिका फक्त मजुरी घेते. दोन, रोपवाटिका बियाणं आणते आणि तयार रोप विकते. पहिल्या पद्धतीत उगवणीचा धोका शेतकऱ्याचा, दुसऱ्यात रोपवाटिकेचा. ही गोष्ट दोघांनीही पहिल्याच दिवशी बोलून घ्यायला हवी, कारण बियाणे कायद्याखाली टोमॅटोसाठी कमीत कमी उगवण ७० टक्के ठरलेली आहे आणि ७० टक्के उगवणारं बी कायद्याने चांगलंच म्हणायचं. रोपवाटिकेला मात्र ७० टक्क्यांत तोटाच होतो. शंभर कप्प्यांपैकी तीस रिकामे म्हणजे कोकोपीट, जागा आणि पाणी तीस हिस्से फुकट.

म्हणून पाकीट घेताना आधी मागची बाजू वाचावी. लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध हे तिथे असतं. साधारणपणे चाचणीपासून नऊ महिन्यांची मुदत असते. मुदत संपायला पंधरा दिवस उरलेला लॉट दुकानदार स्वस्तात देतो, तो मोठ्या ऑर्डरसाठी घेऊ नये. मग घरची चाचणी: पाकिटातल्या शंभर बिया ओल्या वर्तमानपत्रात किंवा गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायच्या, आठ दिवसांनी सरळ, निरोगी मोड आलेल्या मोजायच्या. शंभर बियांचं मोल जाईल, पण त्या बदल्यात किती बी जास्त टाकायचं हे नेमकं कळतं. सगळ्यात महत्त्वाचं, रिकामं पाकीट फेकायचं नाही. लॉटचं पाकीट, दुकानाचं बिल आणि त्या लॉटमधल्या थोड्या बिया हंगाम संपेपर्यंत ठेवायच्या.

याचं कारण पुढे येतं. शेतात झाडं वाढली आणि फळं सांगितल्यापेक्षा लहान निघाली, किंवा एकाच प्लॉटमध्ये तीन तऱ्हेची झाडं दिसू लागली, तर शेतकऱ्याला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तालुका पातळीवर बियाणे तक्रारींसाठी समिती असते आणि ती शेतात येऊन पंचनामा करते. पण तिथे पहिला प्रश्न असतो पाकीट आणि बिल कुठे आहे. शेतकऱ्याने बियाणं कधी पाहिलंच नाही, त्याने रोपं घेतली. म्हणून रोप विकणाऱ्याने पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून द्यावा आणि घेणाऱ्याने तो मागून घ्यावा. हे न करणाऱ्या रोपवाटिकेकडून रोपं घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आता ऑर्डरची वही. एक उदाहरण मांडून बघू. एका शेतकऱ्याला एक एकर टोमॅटो लावायचा आहे, बेड पाच फुटांवर आणि रोपात दीड फूट अंतर. एकराला ५८०० रोपं होतात. नांग्यांसाठी थोडी धरून ६००० ची ऑर्डर. लावण २० जून. रोप पंचवीस दिवसांचं हवं, म्हणून पेरणी २६ मे. घरच्या उगवण चाचणीला आठ दिवस आणि बियाणं मागवायला काही दिवस धरले, तर ऑर्डर १० मेच्या आसपास वहीत पडायला हवी. चाचणीत ९० टक्के उगवण मिळाली असं धरू. उगवलेल्यांपैकी पाच टक्के रोपं लांबट, वाकडी, खुजी म्हणून काढावी लागतात. म्हणजे ६००० चांगली रोपं द्यायची तर ७००० च्या आसपास बी टाकावं लागेल. साडेतीन हजार बियांची दोन पाकिटं, ९८ कप्प्यांचे ७२ ट्रे.

पैशाचा हिशेबही उदाहरणादाखलच धरू. रोपाचा भाव दीड रुपया, तर ऑर्डर ९००० रुपयांची. पाकीट ११०० रुपयांना असेल तर बियाण्याचेच २२०० रुपये पेरणीच्या आधी जातात. इसार घ्यायचा तो निदान बियाण्याची किंमत आणि थोडं कोकोपीट भरून काढेल इतका, म्हणजे इथे तीन हजारांच्या आसपास. यापेक्षा कमी इसार घेतला तर शेतकऱ्याने मन बदलल्यावर सगळा भार रोपवाटिकेवर येतो. फार जास्त मागितला तर खरिपाच्या तोंडावर खत-औषधात अडकलेल्या माणसाला तो देता येत नाही. इसाराच्या पावतीवर रक्कम असते, पण तीन गोष्टी बहुतेकदा लिहिलेल्या नसतात: नेमकी तारीख आणि ती किती दिवस पुढे-मागे चालेल, वाण मिळाला नाही तर दुसरा कोणता चालेल आणि ठरलेल्या दिवसानंतर रोपं किती दिवस सांभाळली जातील. बहुतेक भांडणं या तीनच मुद्द्यांवर होतात.

तिसरा मुद्दा पावसाने येतो. २० जून उजाडला आणि पाऊस नाही. ज्याच्याकडे विहिरीचं पाणी आणि ड्रिप आहे त्याची लावण ठरल्या दिवशी होते. बाकीचे फोन करतात, आठ दिवस थांबा. रोपवाटिकाचालकाकडे रोप थोपवण्याचे उपाय थोडेच आहेत. नत्र असलेलं विद्राव्य खत पूर्ण बंद करायचं, पाणी निम्म्यावर आणायचं, ट्रे एकमेकांपासून दूर सरकवायचे म्हणजे रोपं उजेडासाठी उंच पळत नाहीत, आणि शेडनेट बाजूला करून पूर्ण ऊन द्यायचं. एरवी शेवटचे पाच-सहा दिवस रोप काटक करायला हेच करतात. इथे ते लांबवायचं. एक आठवडा असा निघतो. त्यापुढे कप्प्यातली मुळं गोल गोल गुंडाळतात, खालची पानं पिवळी पडतात आणि ट्रेतच कळी दिसू लागते. कळी दिसलेलं रोप शेतात गेलं की वाढ सोडून फुलाच्या मागे लागतं. झाड लहान राहतं, पहिली फळं येतात पण तोडे कमी मिळतात. घेणाऱ्याने ट्रेतून एक रोप काढून बघावं: चार-पाच पानं, खोड काडीसारखं टणक, मुळं पांढरी आणि गड्डा न फुटता बाहेर येणारा. मुळं तपकिरी असतील किंवा गड्ड्याभोवती जाड दोरखंड झाला असेल, तर ते रोप कमी भावातही घेऊ नये.

मग न उचललेल्या ट्रेंचं काय होतं? माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे. कोणीतरी घेईल या आशेने ते ट्रे जाळीच्या कोपऱ्यात ठेवले जातात. पस्तीस-चाळीस दिवसांची, दाट पानांची ती रोपं पांढऱ्या माशीसाठी उत्तम घर. पांढरी माशी टोमॅटोचा पर्णगुच्छ, म्हणजे पानं आखडण्याचा विषाणू, पसरवते. एकदा जुन्या रोपांत तो शिरला की शेजारच्या दहा-बारा दिवसांच्या नव्या बॅचमध्ये जायला फार दिवस लागत नाहीत. कोवळ्या रोपात शिरलेला विषाणू ट्रेत डोळ्याला दिसत नाही. रोप हिरवंगार दिसतं, विकलं जातं आणि लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतात पानं वर वळायला लागतात. तेव्हा शेतकरी बियाण्याला दोष देतो, बियाणेवाला हवामानाला आणि रोपवाटिका शेतकऱ्याच्या फवारणीला. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव-संगमनेर भागात टोमॅटोच्या फळांवर पिवळे-लाल पट्टे उमटले आणि त्यात काकडीवरच्या मोझॅक विषाणूचं निदान झालं. तो विषाणू मावा पसरवतो. विषाणू वेगळा, पण बारीक जाळी आणि रोपवाटिकेतली स्वच्छता कोणत्याही विषाणूसाठी किती मोलाची असते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

म्हणूनच आगाऊ बुकिंगचा पैशापलीकडचा उपयोग आहे. जितकी ऑर्डर तितकीच पेरणी केली, तर कोपऱ्यात साठणारे ट्रेच उरत नाहीत. जे उरतील ते आठवड्याच्या आत उपटून खड्ड्यात पुरायचे, शेजारच्या बांधावर फेकायचे नाहीत. रिकामे ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून मगच पुढच्या बॅचला. दोन बॅचमध्ये जाळी चार-पाच दिवस पूर्ण रिकामी ठेवायची. म्हणजे पंचवीस दिवसांचं पीक असलं तरी एका जाळीतून महिन्याला एकच खेप निघते, आणि वहीतल्या तारखा त्याच मापाने द्याव्या लागतात. लोभाने मधले दिवस भरले की तोटा पुढच्या खेपेत निघतो.

वहीचा आणखी एक उपयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा फायदा रोपवाटिकेबाहेर होतो. टोमॅटो लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांनी पहिला तोडा देतो. म्हणजे आज वहीत पडलेली ऑर्डर साधारण तीन महिन्यांनी बाजारात क्रेट बनून येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला आणि वीस किलोच्या क्रेटला नारायणगाव बाजारात दोन हजारांहून जास्त भाव मिळाला. त्या दिवसांत लावलेला माल आला आणि सप्टेंबरमध्ये भाव इतके कोसळले की नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. बाजार समितीत ही लाट आवक झाल्यावर दिसते; रोपवाटिकेच्या वहीत ती तीन महिने आधी दिसत असते. जाणता रोपवाटिकाचालक एका आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ऑर्डर येताना बघतो, तेव्हा नव्याने आलेल्या शेतकऱ्याला तो सगळी सहा हजार रोपं एकाच तारखेला लावायला लावत नाही. दोन हजार या तारखेला, दोन हजार पंधरा दिवसांनी, उरलेले दोन हजार त्याच्या पुढच्या पंधरवड्यात, किंवा एका हप्त्यात टोमॅटोऐवजी फ्लॉवर, असं सुचवतो. ट्रे तितकेच भरतात, वहीत तीन तारखा पडतात आणि तीन महिन्यांनी त्या शेतकऱ्याचा सगळा माल एकाच पडत्या भावात सापडत नाही.

अर्थात हे त्याला एकट्याच्या वहीवरून सांगावं लागतं. शेजारच्या पाच रोपवाटिकांत काय पेरलं गेलं ते त्याला कळत नाही आणि ते कोणी विचारतही नाही. तालुक्यातल्या रोपवाटिकांनी पेरलेल्या ट्रेंचा आकडा दर आठवड्याला एकत्र करून बाजार समितीच्या फलकावर लावला, तर नारायणगावातल्या एखाद्या शेतकऱ्याला जूनमध्येच कळेल की ऑगस्टच्या शेवटी त्याच्यासोबत आणखी किती जण क्रेट घेऊन उभे असणार आहेत. आकडा गोळा करायला नवं यंत्र लागत नाही. प्रत्येक रोपवाटिकेत तो वहीच्या पानावर आधीच लिहिलेला असतो.